बर्फ, पाणी, वाफ: सहावी-सातवीच्या वर्गात पदार्थाच्या अवस्था शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या आम्ही काही शिक्षिका महिन्यातून एकदा बसतो. या पाठावर तिथे दरवर्षी तेच ते प्रश्न निघतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी स्वतः हा पाठ बरीच वर्षं घेतेय आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं चुकीच्या पद्धतीने घेतला, हे आधीच सांगून टाकते.

मुलांना स्थायू, द्रव, वायू हे आधीच पाठ असतं. मग या पाठात नवीन काय शिकवायचं?

खरंच पाठ असतं. सहावीच्या कुठल्याही मुलाला विचारा, "बर्फ स्थायू, पाणी द्रव, वाफ वायू" असं एका सुरात येतं. त्यावर दोन तासिका घालवल्या तर मुलं कंटाळतात आणि आपणही.

माझा पाठ एकाच गोष्टीभोवती फिरतो. खालून दिवा सतत पेटलेला असताना थर्मामीटर दोनदा थांबतो. एकदा बर्फ वितळत असताना आणि एकदा पाणी उकळत असताना. उष्णता देतोय, पण तापमान वाढत नाही. मुलांच्या डोक्यात "उष्णता दिली की तापमान वाढतं" हे इतकं घट्ट बसलेलं असतं की हा थांबलेला लाल धागा पाहून ती खरोखर गोंधळतात. कोणीतरी म्हणतंच, "बाई, थर्मामीटर बिघडला." त्या वाक्यापासून पाठ सुरू होतो.

किती तासिका लागतील?

35 मिनिटांच्या दोन. शक्यतो जोडून घ्या, मुख्याध्यापकांना सांगून कार्यानुभवाची तासिका अदलाबदल करा. पहिलीत बर्फापासून उकळीपर्यंतचा प्रयोग, दुसरीत आलेख आणि वाफेचं काम. सुटीच्या आधीची तासिका घेऊ नका. पाणी उकळायला आलं की घंटा होते, हा अनुभव घेऊन झालाय.

साहित्य काय लागतं?

250 मिलीचं उष्णतारोधक काचेचं चंचुपात्र, तिवई, जाळी, स्पिरिटचा दिवा, स्टँड, आणि उणे 10 ते 110 अंशांचा प्रयोगशाळेतला थर्मामीटर, लाल द्रवाचा. पाऱ्याचा असेल तर कपाटातच राहू द्या. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा असला तर फार उपयोग होतो. ढवळायला काचेची कांडी किंवा लाकडी आइस्क्रीमची काडी. तापाचा थर्मामीटर मात्र अजिबात नाही. त्याची मापनपट्टी साधारण 35 ते 42 अंशांची असते, गरम पाण्यात घातला की फुटतो.

बर्फ कुठून आणायचा आणि शाळेपर्यंत टिकवायचा कसा?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण निम्मे प्रयोग इथेच फसतात.

उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडे लादीचा बर्फ मिळतो. सकाळच्या शाळेला जाताना रसवंत्या उघडलेल्या नसतात, त्यामुळे आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. बाकीच्या ऋतूंत घरचा फ्रिज. दोन ट्रे भरून लावले की काम होतं.

पहिल्या वर्षी मी कॅरीबॅगमध्ये बर्फ घेतला, स्कूटीच्या हुकाला अडकवला आणि द्वारका चौकात अडकले. मार्च महिना. शाळेत पोचले तेव्हा पिशवीत पाणी आणि त्यात तरंगणारे चार खडे. नंतर थर्माकोलचा डबा वापरू लागले. तोही नसेल तर बर्फ आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जाड टर्किश टॉवेलात, मग स्टीलच्या डब्यात.

आणि हाच धडा वर्गात वापरता येतो. दोन सारखे खडे घ्या, एक ताटलीत उघडा ठेवा, दुसरा लोकरीच्या टोपीत गुंडाळा. कुठला आधी वितळेल? बहुतेक मुलं सांगतात, टोपीतला, कारण लोकर "गरम" असते. पंधरा मिनिटांनी टोपी उघडली की उघड्या खड्याचं पाणी झालेलं असतं आणि टोपीतला बराचसा शिल्लक असतो. लोकर उष्णता देत नाही, ती उष्णतेची ये-जा मंदावते. बाहेरची उष्णता आत यायलाही तिची आडकाठीच.

प्रयोगासाठी बर्फ बारीक कुटलेला हवा. फडक्यात गुंडाळून वरवंट्याने ठेचा. फ्रीझरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून कुटून पाच-सात मिनिटं थांबा. तो ओलसर चमकू लागला की शून्यावर आला समजायचं.

प्रयोग नेमका कसा घ्यायचा? आकडे काय येतात?

चंचुपात्रात 100 ग्रॅम कुटलेला बर्फ घ्या. थर्मामीटर स्टँडला असा बांधा की त्याचा फुगा बर्फात बुडेल, पण तळाला आणि काचेला टेकणार नाही. हातात धरायचा नाही, आणि त्याने ढवळायचंही नाही. दिवा पेटवण्याआधी एक वाचन घ्या. मग दर मिनिटाला एक मूल येऊन आकडा वाचेल, दुसरं फळ्यावर लिहील, तिसरं ढवळेल. पट्टी वाचताना डोळा द्रवाच्या पातळीला हवा. उंच मुलं वरून वाचतात आणि एक अंश इकडेतिकडे होतो.

गेल्या जानेवारीत आमच्या वर्गात असं झालं. दिवा पेटवला तेव्हा 0. पुढची आठ मिनिटं आकडा 0 आणि 1 च्या मध्ये घुटमळला. पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरून "दिवा मोठा करा" अशी सूचना आली. आठव्या मिनिटाला शेवटचा खडा नाहीसा झाला आणि नवव्याला आकडा एकदम 9 वर गेला. मग मिनिटाला सुमारे 10 अंश. पुढे वेग मंदावत गेला. पंधराव्या मिनिटाला 62, विसाव्याला 91. पाणी तापत जातं तसं ते आजूबाजूच्या हवेलाही जास्त उष्णता देतं, म्हणून शेवटचे अंश रेंगाळतात. तेविसाव्या मिनिटाला 98, आणि तिथे पुन्हा मुक्काम. चार मिनिटं उकळत ठेवलं, आकडा हलला नाही. एवढ्यात पाण्याची पातळी थोडी खाली गेली होती, ती एका मुलीने स्वतःहून टिपली.

तुमचे आकडे वेगळे येतील. ज्योतीचा आकार, खिडकीतून येणारा वारा, काचेची जाडी, सगळ्याने वेळ बदलते. पण आलेखाचा आकार तोच येतो: सपाट, चढ, पुन्हा सपाट. तास घेण्याआधी एकदा एकट्याने करून बघा, कारण काही दिव्यांची वात इतकी बारीक असते की अर्ध्या तासात पाणी 70 च्या पुढे जात नाही. अशा वेळी बर्फ 60 ग्रॅम घ्या, किंवा दोन दिवे लावा. गॅसवर केलं तर सगळं इतकं भराभर होतं की सपाट भाग निसटतो.

आमच्याकडे बर्फ अजून तरंगतोय आणि थर्मामीटर 5-6 अंश दाखवतोय. प्रयोग चुकला का?

ढवळलं नाहीत. मलाही हे झालंय, आणि वर्गासमोर झालंय. उष्णता खालून येते, बर्फ वर तरंगतो. तळाशी वितळलेलं पाणी तापतं, थर्मामीटरचा फुगा नेमका त्या पाण्यात असतो. दर वाचनाआधी सावकाश ढवळा, आकडा परत शून्याजवळ येतो.

ही चूक लपवू नका. त्या दिवशी एका मुलाने विचारलं, "बाई, तुम्ही म्हणालात बर्फ असेपर्यंत शून्य." मी ढवळलं आणि आकडा सहावरून एकवर आला. त्याला जे कळलं ते मी सांगून कळलं नसतं.

ढवळूनही आकडा 2-3 च्या खाली येतच नसेल तर थर्मामीटरच चुकीचा दाखवतोय. शाळेतल्या थर्मामीटरांत एखाद-दोन अंशांचा फरक सर्रास असतो. ओल्या कुटलेल्या बर्फात तो काय दाखवतो ते पाहून ठेवा, फरक कळतो.

पुस्तकात पाण्याचा उत्कलनांक 100 दिलाय, आमचं पाणी 98 ला उकळतं. मुलांना काय सांगू?

खरं ते सांगा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, आणि साधारण 300 मीटरला उत्कलनांक एका अंशाने उतरतो. म्हणजे आपल्याकडे 98 हाच बरोबर आकडा. 100 हा समुद्रसपाटीचा. फळ्यावर 98 आलेला असताना वहीत 100 लिहायला लावणं हा या पाठातला सगळ्यात मोठा गुन्हा. मुलं त्यातून एकच शिकतात, की डोळ्यांनी दिसतं त्यापेक्षा पुस्तकातलं खरं.

इगतपुरीकडच्या मुलांना कळसूबाईचा हिशेब करायला द्या. उंची 1646 मीटर. तीनशेने भागलं की साडेपाच अंशांचा फरक, म्हणजे शिखरावर पाणी 95 च्या आतच उकळेल. तिथे भात शिजायला वेळ का लागेल, हे मग त्यांनाच विचारा. कुकरची गोष्ट उलटी. झाकण बंद करून आतला दाब वाढवला की पाणी 120 च्या आसपास पोचतं, म्हणून डाळ लवकर शिजते.

दाबाचा मुद्दा दाखवायचा असेल तर सुई नसलेली 20 मिलीची नवी सिरिंज घ्या. त्यात 80 अंशांच्या आसपासचं चार मिली पाणी ओढा, आतली हवा बाहेर काढा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे खेचा. पाणी खदखदायला लागतं. दिवा नाही, ज्योत नाही, नुसता दाब कमी केला. हे शिक्षकानेच करायचं, हातमोजा घालून.

पण उष्णता देऊनही तापमान वाढत नाही, तर ती उष्णता जाते कुठे? सहावीला हे कसं समजावायचं?

"अप्रकट उष्मा" हा शब्द आत्ता नको, तो दहावीत येतोच. त्याऐवजी एक छोटा प्रयोग करा. माझ्या मते अख्ख्या पाठातली ही सर्वांत मोलाची तीन मिनिटं आहेत.

दोन स्टीलचे ग्लास घ्या. पहिल्यात बर्फात ठेवून गार केलेलं, खडे काढून टाकलेलं, 100 ग्रॅम पाणी. दुसऱ्यात 100 ग्रॅम कुटलेला बर्फ. दोन्हींचं तापमान शून्याजवळ. आता दोन्हींत 80 अंशांचं 100 ग्रॅम पाणी ओतायचं. ओतण्याआधी अंदाज लिहून घ्या. पहिल्या ग्लासाचा अंदाज मुलं पटकन लावतात, 40. आणि तसंच होतं, ग्लास स्वतः थोडी उष्णता खातो म्हणून अंश-दोन अंश कमी.

दुसऱ्याचा अंदाज? बहुतेक जण 40 च म्हणतात, काही धीट मुलं 30. प्रत्यक्षात ढवळून बर्फ संपेपर्यंत थर्मामीटर घसरत घसरत शून्यापाशी येतो. 80 अंशांचं पाणी, आणि शेवटी हाताला बर्फासारखं गार! त्या पाण्यातली ती सगळी उष्णता बर्फ नुसता वितळवण्यात खर्च झाली. 1 ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात 1 ग्रॅम पाणी 0 पासून 80 पर्यंत तापतं. हे वाक्य आता मुलं स्वतः बनवू शकतात.

तुमच्याकडे शेवटचा आकडा 4-5 आला तर बर्फ ओला होता. 100 ग्रॅममध्ये दहा ग्रॅम पाणीच असेल तर हिशेबानेही 4 येतो. कुटलेला बर्फ वजन करण्याआधी फडक्यावर टिपून घ्या.

मग कणांची गोष्ट. स्थायूत कण एकमेकांना धरून जागच्या जागी थरथरतात, ती पकड सोडवायलाही ऊर्जा लागते. वितळताना दिलेली उष्णता त्या कामाला लागते, कणांचा वेग वाढवायला नाही, म्हणून थर्मामीटर थांबतो. मैदानावर खेळ घ्यायचा असेल तर परिपाठाच्या रांगेत खांद्यावर हात ठेवून उभी मुलं म्हणजे बर्फ, आणि त्र्यंबकच्या यात्रेतली गर्दी म्हणजे पाणी: एकमेकांना खेटून, पण सरकत. वाफेसाठी मैदानभर पळायला सांगा आणि शिट्टी जवळ ठेवा. एक काळजी घ्या. खेळ संपल्यावर विचारा, "वितळताना तू बदललास का?" उत्तर "नाही" यायला हवं. कण वितळत नाही, फुगत नाही, तो आहे तसाच असतो. नाहीतर आठवीपर्यंत मुलं "कण वितळले" असं लिहीत राहतात.

वाफ मुलांना दिसतेच ना? मग ती अदृश्य कशी म्हणायची?

इथे आपली भाषाच आडवी येते. चहाच्या भांड्यावरचा पांढरा लोट, मोदकपात्राचं झाकण उघडल्यावरचा भपका, थंडीत रामकुंडाच्या पाण्यावर सकाळी तरंगतं ते, सगळ्याला आपण "वाफ" म्हणतो. निफाडची मुलं तर थंडीत तोंडातून "धूर" काढतात. घरी हे शब्द ठीकच आहेत. वर्गात मात्र वायुरूपातल्या पाण्यालाच वाफ म्हणायचं, आणि दिसणाऱ्याला "पांढरा लोट". तो लोट म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. ते द्रव आहेत.

हे दाखवायला चोच असलेली किटली लागते. भरपूर उकळू द्या, मागे काळा पुठ्ठा धरा आणि मुलांना चोचीच्या अगदी तोंडाशी पाहायला सांगा, मीटरभर लांबून. चोच संपते तिथे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर काहीच दिसत नाही. त्यापुढे पांढरं सुरू होतं. त्या "काहीच नाही" मध्ये खरी वाफ आहे. ती बाहेरच्या गार हवेला भेटली की संघनन होऊन थेंब बनतात आणि दिसू लागतात. आता पेटता स्पिरिटचा दिवा त्या पांढऱ्या लोटाखाली न्या. तेवढ्या भागातला लोट नाहीसा होतो, थेंबांची परत वाफ झाली. गार स्टीलची ताटली धरली की थेंब गळू लागतात. पांढरा लोट पुढे जाऊन विरतो तोही असाच: थेंब सुकून हवेत मिसळतात. मुलांना विचारा की तो "संपला" का.

आकृती काढायला लावा. चोच, रिकामी जागा, पांढरा लोट. रिकाम्या जागेला "वायू" आणि लोटाला "द्रव" अशी नावं ज्याने दिली त्याला पाठ समजला. आमच्या वर्गात पहिल्या वेळी तीसपैकी चौघांनी बरोबर लिहिलं होतं, आणि मी रागावून पुन्हा किटली चढवली होती.

वाफेला किती जागा लागते, तेही एका वाक्यात सांगून ठेवा. चमचाभर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर ती सुमारे 1,700 चमचे जागा व्यापते. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात आणि टर्बाइन फिरवतात, ते या पसरण्याच्या जोरावर.

उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं?

मुलं म्हणतात हवा. काही हुशार मुलं म्हणतात हायड्रोजन आणि ऑक्सिजन, कारण त्यांनी पाण्याचं सूत्र कुठेतरी वाचलेलं असतं. दोन्ही चूक, पण हवेचं उत्तर अर्धं बरोबर आहे. पाणी कोमट झाल्यावर काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतात, ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. उकळताना तळातून उठणारे मोठे बुडबुडे मात्र पाण्याच्या वाफेचे. उकळून गार केलेलं पाणी पुन्हा तापवा, बारीक बुडबुडे जवळजवळ येत नाहीत, मोठे येतातच.

उकळी फुटण्याआधी भांडं गुणगुणतं, ते कान देऊन ऐकवा. तळाशी तयार झालेले बुडबुडे वरच्या कमी तापलेल्या पाण्यात शिरून मिटतात, त्याचा तो आवाज. पूर्ण उकळी आली की आवाज बदलतो. घरी चहा करणाऱ्या मुलांना हे आधीच ऐकून माहीत असतं.

गार ग्लासाच्या बाहेरचं पाणी "झिरपलं" असंच मुलं म्हणतात. कसं खोडून काढू?

ग्लासात लाल रंगाचं सरबत आणि बर्फ घाला. बाहेरचे थेंब टिश्यूने पुसा, टिश्यू लाल होत नाही. वजनकाटा असेल तर त्याहून चांगलं: कोरडा पुसलेला ग्लास झाकण लावून काट्यावर ठेवा, दहा मिनिटांनी वजन एक-दोन ग्रॅमने वाढलेलं दिसतं. झिरपलं असतं तर एकूण वजन तेवढंच राहिलं असतं. फक्त हे जून-जुलैत करा. एप्रिलच्या दुपारी नाशिकची हवा इतकी कोरडी असते की थेंब यायला फार वेळ लागतो आणि काट्यावर फरकच दिसत नाही.

सगळा पाठ पाण्यावरच घेतला तर चालेल का?

नाही, आणि कारण पाणीच विचित्र आहे. बहुतेक पदार्थ गोठले की आकसतात, पाणी गोठलं की फुगतं. म्हणून बर्फ तरंगतो. फक्त पाणी दाखवून "स्थायूत कण सर्वांत जवळ असतात" म्हटलं तर चाणाक्ष मूल विचारेल, मग बर्फ बुडत का नाही? विचारायलाच हवं.

म्हणून एक खोबरेल तेलाची बाटली ठेवा. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे नाशिकच्या जानेवारीत बाटली कडक झालेली प्रत्येक घरात दिसते. किंवा मेणबत्तीचं मेण: वितळलेल्या मेणात मेणाचा खडा टाकला तर तो तळाला जातो. बर्फाचं नेमकं उलट. एवढं पाच मिनिटांत होतं, आणि अवस्था बदलणं ही फक्त पाण्याची गोष्ट नाही हेही कळतं.

सुरक्षिततेचं काय? पालक तक्रार करतात.

दिवा आणि किटली शिक्षकाच्याच हातात, आकडा वाचणारं आणि ढवळणारं मूल सोडून बाकीची मुलं एक मीटर दूर, ओढण्या आणि मोकळे केस बांधलेले. पेटलेल्या दिव्यात स्पिरिट कधीही ओतायचं नाही, आणि विझवताना फुंकर नाही, टोपण. साधी काचेची बरणी तापवायची नाही, तडकते.

मुलांना वाफेची भीती का बाळगायची ते आकड्यात सांगा. 1 ग्रॅम उकळतं पाणी त्वचेवर गार होताना जेवढी उष्णता देतं, त्याच्या जवळपास दहापट उष्णता 1 ग्रॅम वाफ देते, कारण तिचं आधी पाणी होतं आणि उकळताना शोषलेली सगळी उष्णता ती परत टाकते. थर्मामीटर दुसऱ्यांदा थांबला होता तेव्हाची ती उष्णता. किटलीच्या चोचीतल्या त्या "रिकाम्या" जागेत बोट घालायचं नाही, हे या एका हिशेबाने पटतं.

थर्मामीटर एकच आहे आणि वर्गात पन्नास मुलं. मग?

एकच पुरतो. आकडे फळ्यावर, आलेख प्रत्येकाच्या वहीत. गटांना बर्फ-टोपीचा प्रयोग द्या, त्याला काहीच लागत नाही.

समजलं की नाही हे कसं तपासायचं?

व्याख्या विचारू नका. मी एवढाच प्रश्न देते: "आईने मंद आचेवर बटाटे उकडायला ठेवले. पाणी खदखदतंय. बटाटे लवकर शिजावेत म्हणून ताईने गॅस मोठा केला. लवकर शिजतील का?" ज्याला थांबलेला थर्मामीटर आठवतो तो लिहितो: नाही, पाणी 98 च्या वर जाणारच नाही, फक्त लवकर आटेल. एका मुलीने पुढे लिहिलं होतं, "आणि गॅस वाया जाईल, आई ओरडेल."

उरलेल्या बर्फाचं सरबत करू का? मुलं मागे लागतात.

घरच्या फ्रिजमधला आणि प्रयोगाच्या भांड्यांना न लागलेला असेल तर करा. लादीचा बर्फ कुठला आहे याची खात्री नसेल तर नको. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे, पण बिनरंगाचा दिसला म्हणून तो पिण्याजोगा ठरत नाही. तो कुंड्यांमध्ये टाका, मात्र थेट रोपाच्या मुळाशी नको, आधी बादलीत वितळू द्या.